आतलं माप, बाहेरचं माप

दिनानाथ टिपणीस हा माणूस मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका कापडदुकानाच्या वर, माझं सोनोग्राफीचं छोटंसं क्लिनिक होतं. दिवसाला पंचवीस-तीस पेशंट यायचे. त्यात हे अंबरनाथचे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ आत आले ते टेबलावर आडवे व्हायच्या आधी माझ्या मशीनला प्रदक्षिणा घालून आले. मशीन कोणत्या सालचं, त्याचं माप बरोबर येतं की नाही हे कोण तपासतं आणि किती दिवसांनी तपासतं, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. मी म्हटलं, काका, आधी शर्ट वर करा.

अंबरनाथच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह आणि पाइपांचे जोड बनवणारा एक कारखाना होता. तिथे टिपणीसांनी चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली होती. तयार माल मापायचा, मापात बसला तर पास, नाही तर लाल रंगाचा ठिपका मारून बाजूला. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण हाताची सवय जात नव्हती. त्यांच्या पत्नी कुंदाताई मला एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, की हे पोळीची जाडीसुद्धा बघतात आणि एका बाजूला जास्त आहे म्हणून सांगतात. खिशात कायम व्हर्निअर असायचा. दोन जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरच्या दशांशापर्यंत माप सांगणारी ती पोलादी पट्टी त्यांनी निरोपाच्या समारंभात शाल नाकारून मागून घेतली होती.

आणि सिगारेट. बिनफिल्टरची, वयाच्या अठराव्या वर्षापासून. तीसुद्धा ते मापून ओढायचे. पेन्सिलीने रेघ मारायची, रेघेपर्यंत आलं की विझवायची. असं केल्याने धूर एकतृतीयांश कमी जातो, असं त्यांचं गणित होतं. फुप्फुसांना हे गणित कोणी समजावलं होतं देव जाणे.

ते आले होते लघवीच्या तक्रारीसाठी. सत्त्याण्णवचा फेब्रुवारी होता. प्रोस्टेट बघून झालं आणि सवयीप्रमाणे मी प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा तुकडा, पोटावर वर सरकवला. बेंबीच्या जरा वर मणक्याच्या पुढे हृदयातून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी दिसते, महाधमनी. ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. इथे ती मध्येच फुगली होती आणि प्रत्येक ठोक्याला उडत होती. मी माप घेतलं, चार पॉइंट दोन. रिपोर्टमध्ये लिहिलं, महाधमनी फुगलेली, रुंदी चार पॉइंट दोन सेंटिमीटर, आतल्या कडेला थोडा गाळ. गाळ म्हणजे भिंतीला चिकटून साकळलेलं जुनं रक्त.

हे काय असतं ते मी त्यांना समजावून सांगितलं. वय आणि तंबाखूचा धूर यांनी भिंत सैल पडते आणि फुगत जाते. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस फुटते, आणि फुटली की बहुतेक माणसं हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. म्हणून फुटायच्या आधी ऑपरेशन करून तेवढ्या भागात कृत्रिम नळी शिवतात. पण ते ऑपरेशन मोठं असतं, शंभरात पाचेक माणसं त्यातच दगावतात. म्हणून लहान फुगवट्याला हात लावत नाहीत, नजर ठेवतात. त्या काळी आमच्याकडचे सर्जन पाच सेंटिमीटर ही रेघ मानायचे. पुढे परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ती पुरुषांसाठी साडेपाचवर गेली. फुगवटा भराभर वाढला किंवा दुखायला लागला, तर मात्र रेघेची वाट बघत नाहीत.

टिपणीसांना हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शरीराबद्दल कोणीतरी त्यांना पटेल असं बोलत होतं. मी ज्यांच्याकडे पाठवलं त्या मुंबईच्या सर्जननेही माझा रिपोर्ट वाचून तेच सांगितलं, पाचच्या आत आहे, सिगारेट सोडा, सहा महिन्यांनी पुन्हा मापा. त्यांनी सिगारेट खरोखर सोडली आणि आलेखाचा कागद आणून त्यावर पहिला ठिपका मारला.

ऑगस्टमध्ये ते परत आले. चार पॉइंट तीन. एका मिलिमीटरने काही बिघडत नाही, असं मी म्हटलं. ते टेबलावरून उतरले, शर्टाची बटणं लावली आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, हे माप तुम्ही नक्की कुठून कुठपर्यंत..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. सकाळपासून लाइट दोनदा गेली होती, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "काका, बाहेर बावीस पेशंट बसलेत. पोट माझ्यावर सोडा, पाइप तुम्ही बघा." माझ्याकडे कामाला असलेली सुनंदा हसली. तेही हसले आणि नमस्कार करून गेले. माझा स्वभाव तापट आहे हे मी जाणते. त्याचा मला तोपर्यंत थोडा अभिमानसुद्धा होता.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ते तिसऱ्यांदा आले तेव्हा मी मशीनवर पुन्हा चार पॉइंट तीन घेतलं आणि म्हटलं, झकास, हललंच नाही. ते उठून बसले. खिशातून आधीचे दोन फोटो काढले, मशीनमधून निघतात ते काळे-पांढरे कागदी फोटो. सोबत व्हर्निअर होता आणि एक घडी घातलेला कागद. या वेळी त्यांनी कुंदाताईंनाही आत बोलावून घेतलं होतं. बहुधा धीर यावा म्हणून.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले. "मधला हा काळा भाग म्हणजे रक्त जातं ती जागा ना? आणि त्याच्या बाजूचा करडा पट्टा म्हणजे तुम्ही म्हणता तो गाळ."

मी हो म्हटलं.

"तुम्ही काळं मापलंय. आमच्याकडे पाइपला आतून गाळ धरला म्हणून पाइप लहान झाला असं आम्ही म्हणत नाही. आतलं माप वेगळं, बाहेरचं वेगळं. आणि फुटतो तो पाइप."

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. पंखा चालू होता, कुंदाताई हातातली पिशवी सारखी करत होत्या, आणि मी प्रोब खाली ठेवला.

ही चूक कशी झाली ते सांगते, कारण ती अज्ञानाची असती तर मला कमी लागली असती. आमच्या भागात पित्ताचे खडे फार. दिवसाला पाच-सात तरी पेशंट त्याचे. पित्ताची नळी मापताना आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापतात, तीच रीत आहे. मी तशा हजारो नळ्या मापल्या होत्या. महाधमनी मात्र बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मापायची असते, गाळासकट. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण वर्षातून एखाददुसरी फुगलेली महाधमनी समोर यायची, आणि हात पित्ताच्या नळीच्या सवयीने काळ्या भागाच्या कडेवर जाऊन थांबायचा. गाळ मला दिसत होता. मी तो रिपोर्टमध्ये लिहितसुद्धा होते. फक्त मापात धरत नव्हते.

टिपणीसांनी घडीचा कागद उघडला. फोटोच्या बाजूला सेंटिमीटरच्या टिंबांची पट्टी असते. त्यावरून त्यांनी घरी बसून हिशेब केला होता. पहिला फोटो, पाच पॉइंट चार. दुसरा, पाच पॉइंट सात. "माझं गणित चुकलं असेल," ते म्हणाले. मला तसं वाटावं म्हणूनच त्यांनी ते म्हटलं असावं.

मी त्यांना पुन्हा झोपवलं. या वेळी खुणा बाहेरच्या भिंतीवर ठेवल्या, एक वर, एक खाली. तीन वेळा मापलं. तिन्ही वेळा सहा पॉइंट एक आलं.

म्हणजे पहिल्या दिवशीच हा माणूस ऑपरेशनच्या रेघेपलीकडे होता, आणि मी तेरा महिने त्याला ठीक आहे, ठीक आहे म्हणत घरी पाठवत होते. या मापाच्या दहा माणसांतला एखादा तरी वर्षभरात जातो. कुंदाताईंनी विचारलं, काय झालं हो? त्यांना उत्तर टिपणीसांनी दिलं. "मापात नाही बसलो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मुंबईच्या सर्जनना फोन केला आणि लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं. दोन दिवसांत सीटी स्कॅन झाला. सहा पॉइंट दोन. फुगवटा मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांच्या खाली होता, त्यामुळे नळी शिवायला वर जागा होती. ॲडमिट व्हायची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. तोवर वजन उचलायचं नाही, आणि पोटात किंवा पाठीत दुखलं तर क्षणभरही न थांबता निघायचं.

जायच्या आदल्या दिवशी ते क्लिनिकमध्ये आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच, अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला एकदाची माफी मागता आली असती. पण ते कामाचं बोलायला आले होते. त्यांच्या खात्यात एक नियम होता. मापायचं हत्यार चुकीचं निघालं, की त्या हत्याराने आधी पास केलेला सगळा माल परत बोलवायचा. गोदामातला, गाडीत चढवलेला, गिऱ्हाइकाकडे पोचलेलासुद्धा. हत्यार दुरुस्त करून पुढच्या कामाला लागणं, हा त्यांच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा होता.

"मी एकटाच नसेन, मॅडम," ते म्हणाले, आणि व्हर्निअर माझ्या टेबलावर ठेवला. "हॉस्पिटलात हा कुठे सांभाळू? तुमच्याकडे राहू दे."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी पंधरा दिवस फक्त एका माणसाचा विचार करत होते, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा विचार माझ्या नावाचा होता.

सुनंदा आणि मी चार वर्षांची रजिस्टरं काढली. दुपारी क्लिनिक बंद ठेवून पानं उलटत बसलो. तीस हजारांच्या वर नावं होती. त्यात टिपणीस सोडून फुगलेली महाधमनी असलेली तीन माणसं सापडली. तिघंही साठीच्या पुढचे पुरुष, तिघांच्याही नावापुढे विडी नाहीतर सिगारेट. दोघं इथलेच होते, निरोप धाडताच आले. एकाच्या आत गाळ नव्हताच, त्याचं तीन पॉइंट आठ तसंच निघालं. दुसऱ्याचं चार पॉइंट पाचचं पाच पॉइंट तीन झालं, त्याला मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं.

तिसरं नाव बाळाजी, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा. तपासणी मे सत्त्याण्णव, चार पॉइंट चार, आत गाळ. त्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं कार्ड टाकलं.

तेवढ्यात टिपणीसांचं ऑपरेशन पार पडलं. साडेचार तास लागले, रक्ताच्या चार बाटल्या लागल्या, पण सुखरूप सुटले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्जनना विचारलं म्हणे, की बसवलेली नळी अठरा मिलिमीटरची म्हणता ती आतून की बाहेरून. हे ऐकून मी कितीतरी दिवसांनी हसले. बारा दिवसांनी ते घरी आले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी बदलापूरला उतरून जीपने बारवीच्या बाजूला गेले. पर्समध्ये व्हर्निअर होता, का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. घर विचारत गेले. अंगणात एक म्हातारी कुडाला शेण लावत होती, तिने नाव ऐकून हात धुतले आणि मला पाटावर बसवलं. ती भागीरथी, बाळाजीची बायको. बाळाजी कापणीच्या दिवसांत गेला होता. पाच महिने होऊन गेले होते.

ती शांतपणे सांगत होती. आधी दोन दिवस त्याची कंबर आणि पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावर एकदम ओरडून खाली बसला, घामाने भिजला, पांढरा पडला. बदलापूरला नेताना जीपमध्येच गेला. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं. माझी कार्डं तिला मिळाली होती, नातीने वाचून दाखवली होती. पण माणूसच उरला नाही तर काय दाखवायचं, म्हणून ती आली नव्हती. मी आठवण ठेवली याचं तिला बरं वाटलं होतं.

मग ती आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात माझा रिपोर्ट होता, नीट घडी घातलेला, आणि फोटो. तिने तो जपून ठेवला होता. कोणी नवऱ्याला दोष दिला, दवाखान्यात गेला नाही म्हणाला, की ती हा कागद दाखवायची. तो गेला होता, मोठ्या मशीनवर मापून घेतलं होतं, सगळं मापात होतं.

फोटो थोडा पुसट झाला होता, पण करडा पट्टा दिसत होता. मी व्हर्निअर काढला. बाजूच्या टिंबांवर धरला, मग बाहेरच्या भिंतीवर. खात्रीसाठी दोनदा धरला. सहा पॉइंट चार.

"काय मापता, बाई?" भागीरथी म्हणाली. "बरोबर हाय ना तं?"

"नाही," मी म्हटलं. "चुकलेलं आहे. माझं चुकलं. तेव्हा बरोबर मापलं असतं, तर त्यांना ऑपरेशनला पाठवलं असतं. वाचले असते कदाचित."

ती शिव्या देईल, रडेल, गाव गोळा करेल असं मला वाटत होतं. तिने तसलं काही केलं नाही. हातातला रिपोर्ट खाली ठेवला आणि स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "दुखत व्हता तवा तो जातो बोलला व्हता उल्लासनगरला. मीच बोलली, कागुद बरोबर हाय, कापनी होऊ दे."

थोड्या वेळाने तिने मला पाणी आणून दिलं, आणि मी ते प्याले.

परतताना मी घरी न जाता अंबरनाथला टिपणीसांकडे गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, पोटाला पट्टा. मी व्हर्निअर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी विचारलं, किती परत आले? मी म्हटलं, तिघांतले दोघं. आणि तिसऱ्याचं सगळं सांगितलं, तारखांसकट. मे महिन्यात मापला, नोव्हेंबरात गेला.

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना ऑपरेशनच्या आधीसुद्धा असं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "नोव्हेंबर? मॅडम, मला ऑगस्टातच शंका आली होती. मोठ्या डॉक्टरला कसं विचारायचं म्हणून गप्प बसलो. तेव्हा नीट विचारलं असतं तर तुम्ही तेव्हाच रजिस्टर काढलं असतं. तो माणूस तेव्हा जिवंत होता."

कुंदाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, अहो, आता कशाला. ते ऐकत नव्हते. चौतीस वर्षांत एक चुकीचा नग हातून सुटला नाही, असं सांगणारा माणूस ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत होता. एक वाक्य गिळल्याबद्दल तो स्वतःच्या नावापुढे लाल ठिपका मारत होता.

मला तिथून उठून जाता आलं असतं. त्यांनी दोष आपल्याकडे ओढून घेतला होता, आणि तो तसाच राहिला असता तर कोणाला कळलंही नसतं. सुनंदा तर ऑगस्टातलं ते बोलणं केव्हाच विसरली होती.

"तुम्ही विचारलं होतंत, काका," मी म्हटलं. "अर्धं वाक्य बोललात. उरलेलं मी बोलू दिलं नाही. बाहेर बावीस पेशंट आहेत म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि ती काढली असती तर मला ती नकोच होती. व्हर्निअर उचलून त्यांनी पंच्याने पुसला, त्याच्या डबीत ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली.

तो अजून माझ्या टेबलावर आहे. कोणी पेशंट माझ्याकडे बघून वाक्य सुरू करतो आणि मध्येच थांबतो, तेव्हा मी प्रोब खाली ठेवते आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबते.